नाइट शिफ्ट आणि कॉफी: शेवटचा कप किती वाजता घ्यायचा, पाण्याचं काय करायचं

माझा भाचा नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत सीएनसी मशीनवर ऑपरेटर आहे. रात्री १० ते सकाळी ६ अशी त्याची तिसरी पाळी. मागच्या मे महिन्यात घरी आला आणि म्हणाला, "मामा, रात्री तीन-तीन कॉफ्या मारतो तरी पहाटे डोकं आपटते. अन् घरी आल्यावर झोपच नाही येऊन राहिली. कॉफी सोडून देऊ का? आई म्हणते, कॉफीनं अंगातलं पाणी सुकते."

मी स्वतः अकरा वर्षं तिसरी पाळी केली आहे. आता पाळीत नवीन आलेल्या पोरांना सेफ्टीचं शिकवतो. त्यामुळे हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात ऐकावा लागतो. उत्तर थोडक्यात असं: कॉफीनं पाणी सुकत नाही. झोप मात्र नक्की खराब होते, आणि ती किती खराब होणार हे कॉफी किती प्यायली यापेक्षा किती वाजता प्यायली यावर जास्त ठरतं. बहुतेक जण इथेच चुकतात. झोप येईल तेव्हा कॉफी घेतात. म्हणजे पहाटे चार-पाचला, जेव्हा ती घ्यायलाच नको.

खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. पहिला टप्पा सोडून एकदम चौथ्यावर उडी मारली तर हिशोब लागत नाही.

## टप्पा १: आधी झोपेची वेळ लिहा, कॉफीची नाही

एक कागद घ्या. त्यावर घड्याळातली एकच वेळ लिहा: सकाळी तुम्ही प्रत्यक्षात अंथरुणावर आडवे होता ती. पाळी सुटण्याची वेळ लिहू नका.

भाच्याचं उदाहरण घेऊ. पाळी ६ ला सुटते. हँडओव्हर, पंचिंग, मग हिंगण्याहून नंदनवनपर्यंत बाइक. घरी पोचायला ७. आंघोळ, थोडं खाणं, मुलीला शाळेच्या रिक्षात बसवणं. आडवा होतो ८ ला. कागदावर लिहायचं ८.

दवाखान्यात रात्री ८ ते सकाळी ८ ड्युटी करणाऱ्या सिस्टरसाठी हीच वेळ साधारण १० येते. मिहानमध्ये रात्रीच्या प्रोसेसवर असलेल्यांची कॅब पूर्ण शहर फिरवत सोडत असेल तर कोणाची साडेसात, कोणाची नऊ. शेजारच्या टेबलावरच्याचं वेळापत्रक उचलू नका.

तपासा: गेल्या चार दिवसांत याच वेळेला झोपलात का? वेळ रोज दीड-दोन तासांनी हलत असेल तर सगळ्यात लवकरची वेळ धरा.

## टप्पा २: तुमच्या कपात कॅफिन किती, ते एकदा मोजा

"दोन कप" या शब्दाला काही अर्थ नाही. घरचा मग २५० मिलीचा असतो, कँटीनचा कागदी कप १०० मिलीचा, आणि टपरीवरचा कटिंग त्याहून लहान. कॅफिन पाण्यात नसतं, पावडरीत असतं. म्हणून पावडर मोजा.

शुद्ध इन्स्टंट कॉफीच्या एका ग्रॅममध्ये साधारण ३० मिलिग्रॅम कॅफिन धरायचं. भाच्याची पुडी मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रिकामी केली. त्याचा सपाट चमचा जेमतेम दोन ग्रॅम भरला. म्हणजे त्याचा एक कप अंदाजे ६० मिलिग्रॅमचा. शीगभर चमचा घेतला की हाच आकडा दीडपट होतो, आणि रात्री अडीचला कोणीही सपाट चमचा घेत नाही.

डब्याच्या मागे चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, तेही वाचा. चिकोरीत कॅफिन नसतं. ३० टक्के चिकोरी असेल तर कॅफिन तेवढं कमी धरा. दक्षिणी पद्धतीची फिल्टर कॉफी किंवा कॅफेतली कॉफी इन्स्टंटपेक्षा बरीच कडक असू शकते. तिथे एक कप १०० मिलिग्रॅमचा धरून चाला. कँटीनच्या मशिनमधल्या प्रीमिक्समध्ये साखर आणि दूध पावडरच जास्त असते. त्या कपाला अर्धा कप समजलं तरी चालतं.

चहा विसरू नका. टपरीवरच्या साध्या चहात २५ ते ४० मिलिग्रॅम कॅफिन असतं. एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलीच्या कॅनमध्ये ७५-८० असतं. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं. पट्टीवर नाव वाचलं की कळतं.

इशारा: निरोगी मोठ्या माणसासाठी दिवसभरात ४०० मिलिग्रॅम आणि एका वेळी २०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ मध्ये दिली आहे. गरोदर बाईसाठी दिवसाला २००. हे आकडे गाठायचे नसतात. पाळीचं काम १२० ते १८० मध्ये भागतं.

## टप्पा ३: शेवटचा कप ठरवा, उलटं मोजत

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, म्हणून जरा सावकाश.

जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि ते आपल्या जागी जाऊन बसलं की झोप दाटते. कॅफिन त्या जागा अडवून बसतं. अॅडेनोसिन साचायचं थांबत नाही, फक्त त्याला बसायला जागा मिळत नाही. कॉफी प्यायल्यावर साधारण पाऊण तासात कॅफिन रक्तात सर्वात वर पोचतं, आणि मग हळूहळू उतरतं. बहुतेकांच्या अंगातलं निम्मं कॅफिन जायला सुमारे पाच तास लागतात. उरलेल्यातलं निम्मं जायला आणखी पाच.

आता भाच्याची जुनी रात्र मांडू. कॉफी रात्री १०:३० ला, २ ला आणि ५ ला. पाळी सुटल्यावर गेटसमोर मित्रांबरोबर ६:१५ ला चहा. एकूण २१० मिलिग्रॅम. त्याच्या मते हे काहीच नाही. पण सकाळी ८ ला उशीला डोकं टेकवताना अंगात काय उरलेलं असतं ते पाहा: साडेदहाच्या कपातले १६, दोनच्या कपातले २६, पाचच्या कपातले ४०, चहाचे २३. शंभरीच्या थोडं वरच. म्हणजे हा गडी जवळपास दोन कप कॉफी पिऊन झोपायला जात होता आणि वर विचारत होता की झोप का येत नाही.

यावर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "मला कॉफीनं काही होत नाही, पिऊन पाच मिनिटांत घोरतो." घोरत असाल. २०१३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात बारा निरोगी लोकांना झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं. यंत्रानं मोजलेली झोप तासाभराहून जास्त घटली. त्यांच्या स्वतःच्या नोंदीत मात्र ही घट नीट उमटलीच नाही. डोस मोठा होता हे खरं. पण मुद्दा असा की आपली झोप किती तुटली हे झोपणाऱ्याला कळत नाही. लवकर झोप लागणं वेगळं आणि गाढ झोप मिळणं वेगळं.

दिवसा झोपणाऱ्याला हा फटका जास्त बसतो. रात्री शरीराचं घड्याळ झोपेच्या बाजूनं असतं, म्हणून थोडं कॅफिन पचून जातं. सकाळी ९-१० ला तेच घड्याळ "ऊठ" म्हणत असतं. त्यात कॅफिन भर घालतं.

२०२३ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र अभ्यास झाला. त्यात साधारण १०७ मिलिग्रॅमची कॉफी झोपेच्या निदान पावणेनऊ तास आधी संपवावी असं निघालं. त्यावरून मी पोरांना एक ढोबळ नियम देतो:

- पूर्ण कप (६० ते १०० मिलिग्रॅम): झोपेच्या ९ तास आधी.
- अर्धा कप (३० मिलिग्रॅम): झोपेच्या ७ तास आधी.
- त्यानंतर काही नाही. चहासुद्धा नाही.

८ ला झोपणाऱ्याचा शेवटचा पूर्ण कप रात्री ११ पर्यंत आणि शेवटचा अर्धा कप १ पर्यंत. १० ला झोपणाऱ्या सिस्टरसाठी अनुक्रमे १ आणि ३.

इशारा: पाच तास हा सरासरी आकडा आहे. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईत कॅफिन साधारण दुप्पट वेळ राहतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहूनही जास्त. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक चालू असतानाही ते लवकर उतरत नाही. उलट विडी-सिगरेट ओढणाऱ्यात लवकर उतरतं. म्हणून सिगरेट सोडल्यावर आठवडाभरात नेहमीचीच कॉफी अचानक चढायला लागते, छातीत धडधडतं, आणि माणूस म्हणतो सिगरेट सोडल्यानं झालं. सिगरेट सोडत असाल तर कॉफी निम्मी करा.

## टप्पा ४: पहिला कप पाळीच्या आधी, डुलकीबरोबर

शेवटचा कप मागे ढकलला की भरपाई सुरुवातीला करायची.

पाळीला निघण्याच्या साधारण तासभर आधी पूर्ण कप घ्या आणि लगेच आडवे व्हा. वीस मिनिटांचा गजर लावा. आधी झोपून मग कॉफी घेण्यापेक्षा हे चांगलं, कारण कॅफिन चढायला वेळ लागतो. उठता तेव्हा ते नुकतं कामाला लागलेलं असतं. गाढ झोप लागली नाही, नुसते डोळे मिटून पडलात तरी चालेल. पण वीस मिनिटांच्या पुढे जाऊ नका. तासभर झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं अर्धा तास जड राहतं.

भाच्यानं हे ८:३० ला करायचं ठरवलं, कारण ९:१५ ला त्याला निघावंच लागतं. पहिल्या दिवशी बायकोनं विचारलं, "कॉफी पिऊन कोण झोपते?" तिला समजावण्यात वीसातली आठ मिनिटं गेली.

पाळी सुरू झाल्यावर पूर्ण कप घेऊ नका. अर्धा कप ११:३० ला, अर्धा १ ला. थोडं थोडं आणि वेळेवर घेतलेलं कॅफिन एकदम घेतलेल्या मोठ्या मगापेक्षा जास्त वेळ साथ देतं, हात थरथरत नाहीत आणि पोटातही जळत नाही.

नवा हिशोब: रात्री ८:३० चा कप, सकाळी ८ ला त्यातले १२ उरतात. साडेअकराच्या अर्ध्या कपातले ९. एकच्या अर्ध्या कपातले ११. एकूण ३२. आधी शंभरी होती. एकूण कॅफिनही २१० वरून १२० वर आलं.

तपासा: रिकाम्या पोटी घेताय का? आम्लपित्त असेल तर थोडं खाऊन घ्या. मात्र जेवणाबरोबर लगेच नको. जेवणातल्या लोहाचं शोषण कॉफीनं कमी होतं. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी जेवण आणि कॉफीत तासाभराचं अंतर ठेवावं.

## टप्पा ५: पहाटे ३ ते ५, जेव्हा कॉफी नाही

इथे सगळे मोडतात. या वेळेत शरीराचं तापमान दिवसातलं सर्वात खाली असतं आणि डोळे आपोआप मिटतात. कॉफी प्यायली तरी मिटतात, फक्त थोडे उशिरा.

एक गोष्ट लक्षात ठेवा: १ वाजता घेतलेल्या कॅफिनातलं दोन तृतीयांश ४ ला अजून अंगात असतं. म्हणजे कॉफी संपलेली नसते. कपाची सवय संपलेली असते. तेव्हा हाताला दुसरं काही द्या. गरम पाण्यात आलं-लिंबू, किंवा नुसतं गरम दूध. ग्रीन टी नको, त्यातही कॅफिन आहे.

कंपनीत परवानगी असेल तर अडीच-तीनच्या ब्रेकमध्ये पंधरा-वीस मिनिटं झोपा. कॉफीच्या एका कपापेक्षा ही झोप जास्त काम करते, आणि सकाळच्या झोपेतून फार काही कापून घेत नाही. परवानगी नसेल तर निदान बसून करायची कामं या वेळेत ठेवू नका. गेज तपासणं, राउंड घेणं, नोंदवहीसाठी चालत जाणं हे सगळं ३ नंतरला ढकला. उजेड पूर्ण ठेवा. आमच्याकडे एक जण डोळ्यांना त्रास नको म्हणून वरचे दोन दिवे बंद करून बसायचा आणि झोप येते म्हणून कॉफी प्यायचा.

दोन वाजताचं जेवण हलकं ठेवा. डब्यात भरपेट भात-वरण असेल तर तीनला कोणतीही कॉफी उपयोगाची नाही.

इशारा: सलग दोन-तीन दिवस दिवसाची झोप पाच तासांच्या खाली असेल तर हा टप्पा जमणार नाही. ती झोप कॉफीनं भरून निघत नाही. आधी टप्पा ८ पाहा.

## टप्पा ६: घरी जाण्याचा रस्ता, आणि इथे नियम मोडायचा

मी ऐन तिशीत असताना बुटीबोरीहून बाइकनं येत होतो. सकाळचे साडेसहा. चिंचभवनच्या अलीकडे मला रस्त्याच्या कडेची खडी टायरखाली वाजली तेव्हा जाग आली. आधीचा अर्धा किलोमीटर मला आजही आठवत नाही. मागून ट्रक नव्हता, एवढंच.

म्हणून हे स्पष्ट सांगतो. पाळी सुटताना डोळे जड असतील, मागचा सिग्नल आठवत नसेल, मान एकदा जरी खाली गेली असेल, तर गाडी काढायची नाही. तेव्हा कॉफी घ्यायची, एकची मर्यादा उलटून गेली असली तरी घ्यायची, आणि गाडीवर न बसता रेस्ट रूममध्ये पंधरा मिनिटं डोळे मिटायचे. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये पेंगुळलेल्या चालकांवर याचा प्रयोग झाला होता. कॉफी आणि पाठोपाठ लहान डुलकी या जोडीनं चुका बऱ्याच कमी झाल्या. त्या दिवशी झोप तास-दीड तास तुटेल, तुटू द्या.

नुसती कॉफी ढोसून लगेच किक मारणं ही चूक आहे. पहिली वीस-तीस मिनिटं कॅफिन तुमच्या मदतीला येत नाही, आणि हिंगण्याहून घरापर्यंतचा धोक्याचा रस्ता तेवढ्यातच संपतो.

आणि हा अपवाद आठवड्यातून दोनदा करावा लागत असेल तर तो अपवाद राहिला नाही. बस धरा, किंवा आपल्याच पाळीतल्या ओळखीच्या माणसाबरोबर येण्याजाण्याचं जमवा.

## टप्पा ७: पाणी, वेगळं खातं

आता ताईच्या काळजीकडे वळू. कॅफिनमुळे मूत्रपिंड थोडं जास्त मीठ आणि पाणी सोडतं, हे खरं. पण हा परिणाम रोज पिणाऱ्यात चार-पाच दिवसांत बोथट होतो, आणि कपातलं पाणी अंगात जातंच. २०१४ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रोज कॉफी पिणाऱ्या ५० पुरुषांना तीन दिवस रोज २०० मिलीचे चार कप कॉफी आणि दुसऱ्या वेळी तेवढंच पाणी दिलं. अंगातल्या पाण्यात आणि लघवीच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. एका वेळी पाचशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन घेतलं तर लघवी खरोखर वाढते. तो आठ-नऊ सपाट चमच्यांचा मग झाला, तेवढी कॉफी आपल्याकडे कोणी एका दमात पीत नाही.

मग नागपुरात मे महिन्यात थर्ड शिफ्टवाल्याचं तोंड का सुकतं? कारण शेडचे पत्रे दिवसभर ४५ अंशांत तापलेले असतात आणि रात्री दोनपर्यंत उष्णता सोडत राहतात. घाम जातो. पाणी कोणी पीत नाही, कारण कूलर दुसऱ्या टोकाला, मशीन सोडता येत नाही. बायकांच्या बाबतीत बरेचदा शौचालयच दूर किंवा घाण असतं, म्हणून त्या ठरवून कमी पितात. दोष कॉफीच्या माथी बसतो.

क्रम असा ठेवा. पाळी सुरू झाल्यापासून पहाटे ३ पर्यंत दर तासाला एक ग्लास पाणी, गरम शेडमध्ये असाल तर दोन. बाटली मशीनजवळ ठेवा. ३ नंतर तहानेपुरतंच, नाहीतर सकाळी ९-१० ला लघवीला उठावं लागतं आणि मोडलेली झोप परत जुळत नाही. शर्टावर मिठाचे पांढरे डाग पडत असतील तर साधं पाणी पुरत नाही. पाळीत एकदा मीठ घातलेला मठ्ठा किंवा मीठ-साखरेचं लिंबूपाणी घ्या. ब्लडप्रेशर किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मिठाचं प्रमाण डॉक्टरला विचारून ठरवावं.

तपासा: पाळीच्या मध्यावर लघवीचा रंग बघा. फिक्या लिंबूपाण्यासारखा असेल तर ठीक. राईच्या तेलासारखा गडद असेल तर पाणी कमी पडलं आहे. मग कॉफी बंद करू नका, पाणी वाढवा. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांनी लघवी भडक पिवळी होते, तो रंग धरू नका.

इशारा: घाम यायचा थांबला, गरगरतंय, उलटी होतेय, बोलणं अडखळतंय, अशी लक्षणं दिसली तर हे उष्माघाताकडे चाललं आहे. माणसाला गार जागी न्या, अंगावर पाणी ओता, रुग्णवाहिका बोलवा.

## टप्पा ८: सकाळची झोप वाचवा

कॉफीचा हिशोब बरोबर ठेवूनही झोप चार तासांत मोडत असेल तर खोली तपासा. पडद्यामागून येणारी उन्हाची एक तिरीप पुरते. जुन्या गडद साडीची दुहेरी घडी करून खिडकीला लावली तरी काम होतं. कूलरची टाकी झोपण्याआधी काठोकाठ भरा. भाच्याचं कोडं शेवटी तिथे सुटलं. त्याची टाकी ११ च्या सुमारास रिकामी व्हायची, पंप कोरडा घरघरायचा, खोलीत गरम वारा यायचा आणि हा उठून म्हणायचा की कॉफीमुळे जाग आली.

झोपण्याआधी डोकं दुखत असेल तर गोळी घेताना तिच्यात कॅफिन नाही ना, ते पाहा.

दहा दिवस एक साधी नोंद ठेवा: शेवटचं कॅफिन किती वाजता, आडवं किती वाजता, उठलं किती वाजता, मधे किती वेळा जाग आली. चहा लिहायला विसरू नका, सगळ्यात जास्त तोच गळतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निकाल शोधू नका.

## कॉफी कमी करताना होणाऱ्या चुका

एकदम बंद करणं ही पहिली. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, चिडचिड होते, अंग मोडून येतं, आणि दुसरा दिवस सर्वात वाईट जातो. अनेकांना साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीच डोकं दुखतं, त्याचं कारण बरेचदा हेच असतं. दर दोन दिवसांनी एक पाव कप कमी करत आठवडाभरात खाली या.

दुसरी चूक फिरत्या पाळीची. तिसऱ्या पाळीतून पहिल्या पाळीत गेल्यावर लोक रात्रीचंच वेळापत्रक दिवसाला चिकटवतात आणि संध्याकाळी सहाला कप घेतात. पाळी बदलली की टप्पा १ चा कागद नवा. रात्री १० ला झोपायचं असेल तर पूर्ण कप दुपारी १ ला संपला पाहिजे. आणि तिसऱ्या पाळीच्या पहिल्या रात्री, जेव्हा माणूस सकाळपासून जागा असतो, दुपारी दीड तास झोपून जा. त्या एका रात्री कॉफीवर भिस्त ठेवणाऱ्यांचे हात मी मशीनजवळून मागे ओढले आहेत.

छातीत धडधड, अनियमित ठोके, औषधं चालू असूनही चढणारं ब्लडप्रेशर किंवा झटक्यांचा आजार असेल तर वरचे कप तुमच्यासाठी नाहीत. आधी डॉक्टरला विचारा, आणि विचारताना "रात्रपाळी करतो" हे आवर्जून सांगा, कारण गोळ्यांच्या वेळाही त्यावर ठरतात.

भाच्याच्या वहीत दहाव्या दिवशी आडवं ८:०५, उठलं १:४०, जाग एकदा असं लिहिलं होतं. आधी तो अकरालाच उठून बसायचा. एकदा आलेली ती जाग कसली म्हणून विचारलं, तर म्हणाला, "गॅसवाला आला होता मामा, बेल वाजवून राहिला होता." बेलचा बोर्ड बंद ठेवायचं कलम मग मी माझ्या यादीत घातलं.